राईस मिलच्या गोडाऊनमध्ये कोणता पार्ट किती ठेवायचा? एबीसी पद्धत काय सांगते?

चंद्रपूरमधलं मूल, सिंदेवाही असो की गडचिरोलीतलं आरमोरी, देसाईगंज. हा सगळा धानाचा पट्टा आणि इथे जागोजागी राईस मिल. सीझनमध्ये एक पार्ट नसला की धानाच्या गाड्या दारात उभ्या राहतात. बरं, सगळेच पार्ट भरून ठेवले तर पैसा अडकतो. मग करायचं काय?

१९५१ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एच. फोर्ड डिकी यांनी यावर उपाय मांडला, एबीसी. प्रत्येक पार्ट वर्षभरात किती लागला, त्याला दराने गुणायचं आणि मोठ्या रकमेपासून यादी लावायची.

समजा एका मिलला वर्षाला २ लाखांचे पार्ट लागतात. धानाचा तूस काढणारे रबर रोल ६० लागले, २,००० रुपयांचा एक, म्हणजे १,२०,०००. पॉलिशरच्या जाळ्या ४०,०००. या दोनच वस्तूंत ८० टक्के खर्च झाला. हा झाला 'ए' गट. बेअरिंग १८,००० आणि पट्टे १२,०००, हा 'बी'. एलिव्हेटरच्या बकेट, नट-बोल्ट, फ्यूज मिळून उरलेले १०,०००, हा 'सी'.

'सी'मधलं सामान एकदाच भरून घ्या आणि तीन महिन्यांनी बघा. 'बी' महिन्याला मोजा. 'ए' मात्र दर आठवड्याला मोजायचा आणि थोडा थोडा मागवायचा.

थोडा म्हणजे किती? ६० भागिले १२, महिन्याला ५ रोल, असं वाटेल. इथेच गडबड होते. मिल सहा महिने चालत असेल तर सीझनमध्ये महिन्याला १० रोल लागतात. माल चार दिवसांत येत असेल तर पंधरा दिवसांचे ५ पुरतात. रोल जोडीने बदलतात, म्हणून ६ ठेवा. एक लाख वीस हजारांऐवजी बारा हजारच अडकतात. शिवाय चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पडून राहिलेलं रबर कडक होतं, ते नुकसानही वाचतं.

पण एबीसी फक्त पैसा बघते, गरज नाही. ३५,००० ची मोटर यंदा बदललीच नाही, तर तिचा वापर शून्य आणि ती थेट 'सी'मध्ये. म्हणून मोटरी भरून ठेवायच्या का? अर्थातच नाही. उलट, शंभर रुपयांचा फ्यूज नसेल तर अख्खी मिल बंद.

म्हणून यादी झाली की प्रत्येक पार्टपुढे दोन प्रश्न लिहा. हा नसला तर मिल थांबेल का? आणि तो यायला किती दिवस लागतात? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'बरेच' असेल, तर गट कोणताही असो, एक नग कपाटात हवाच.