अंतरपाटावर मजकूर

लग्नपत्रिकेसाठी एआयकडून चित्र काढून घेतले की बहुतेकांची अडचण एकच असते. चित्र देखणे येते, पण मजकूर टाकायला जागाच उरत नाही. आपल्या पत्रिकेत मजकूर थोडा नसतो. वर श्रीगणेशाचे स्मरण, मग कुलदैवत, वधूवरांची आणि त्यांच्या आईवडिलांची नावे, तिथी, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, शेवटी निमंत्रक. एवढे सगळे डोळ्यांना त्रास न होता वाचता यायचे, तर जवळपास निम्मे चित्र मोकळे हवे.

‘मधली जागा रिकामी ठेव’ एवढे लिहून भागत नाही. ही साधने भरगच्च चित्रे बघून शिकलेली असतात, त्यामुळे रिकाम्या जागेत फुले, मोर, वेलबुट्टी हमखास येऊन बसतात. त्यापेक्षा त्या जागी काय आहे तेच सांगावे: सपाट भिंत, कोरे कापड, मोकळे आकाश. मराठी लग्नात असे कापड विधीतच आहे. मंगलाष्टके चालू असताना वधूवरांच्या मधे धरतात तो अंतरपाट!

खरे तर वर डावीकडे आणि वधू उजवीकडे उभी केली, तर मधल्या अंतरपाटाची फक्त कडा दिसायला हवी. पण सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथी परंपरेसारख्या सपाट शैलीत खोलीचा आभास नसतो, माणसे एका बाजूने दिसतात. तशा शैलीत कापड समोरून पसरलेले दाखवले, तरी खटकत नाही. फक्त ‘चित्रकथी’ हा शब्द साधनाला कळेल असे धरून चालू नये, वर्णन द्यावे. प्रॉम्प्ट मराठीत लिहिला तरी आजची बरीच साधने तो समजून घेतात:

```
उभे चित्र, सपाट लोकचित्रशैली, जाड गडद तपकिरी रेषा.
मधला निम्मा भाग: फिकट क्रीम रंगाचे कोरे, सपाट कापड.
त्याच्या डावीकडे वर, उजवीकडे वधू, दोघे समोरासमोर.
दोघांच्या कपाळावर मोत्यांच्या दोन सरी, टोके गालांवर
लोंबणारी. वधूला पिवळी नऊवारी, हिरव्या बांगड्या, मोत्यांची नथ.
कापडाची वरची कडा झेंडूच्या माळेने झाकलेली.
रंग: हळदीचा पिवळा, कुंकवाचा लाल, पानाचा हिरवा.
```

यात ‘पत्रिका’ हा शब्द मुद्दाम टाळला आहे. तो आला की साधन अक्षरेही काढू लागते, आणि ती देवनागरीसारखी दिसणारी पण वाचता न येणारी निघण्याची भीती असते. मुंडावळ्यांचेही नुसते नाव न घेता वर्णन केले आहे, कारण ते नसले तर नवऱ्याच्या चेहऱ्यावर उत्तरेकडचा सेहरा आणि नवरीच्या अंगावर लाल लेहंगा येण्याची शक्यता फार. अंतरपाट धरणारी माणसे घेतलेली नाहीत, कारण कापड पकडलेली बोटे अजूनही चुकतात. माळेने ती गरजच राहत नाही.

पहिल्याच चित्रात सगळे जमेल असे नाही. कापडाला चुण्या पडतात, कडेला जरी येते, मधोमध स्वस्तिक उमटते. अशा वेळी सगळा प्रॉम्प्ट बदलू नये, एका वेळी एकच दुरुस्ती सांगावी: ‘बाकी चित्र तसेच ठेव, कापड एकसारख्या रंगाचे आणि चुण्यांशिवाय कर.’ स्वस्तिक मात्र नंतर आपणच बसवावे. अंतरपाटावर ते कुंकवाने काढलेले असतेच, पण साधनाने काढले तर त्याच्या भुजा उलट वळू शकतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेतून ते सुटत नाही.

अक्षरेही चित्र तयार झाल्यावर मांडणीच्या ॲपमध्ये टाकावीत. क्रीम कापडावर गडद तांबडा रंग शोभतो आणि वाचताही येतो. नावांसाठी यात्रा वन, बाकी मजकुरासाठी मुक्ता हे फॉन्ट मोफत मिळतात. जोडाक्षरे नीट जुळली आहेत का, ते एकदा डोळ्यांखालून घालावे. मग पत्रिका मोबाइलवर उघडून न वाढवता मुहूर्ताची ओळ वाचून पाहावी. ती वाचायला कष्ट पडले, तर फॉन्ट मोठा करायचा किंवा मजकूर कमी करायचा. कापडाबाहेर, वधूवरांच्या अंगावर ओळी ओढत नेल्या, तर चित्रही जाते आणि मजकूरही.

छापायचे असेल तर मापाचा विचार आधीच हवा. पाच बाय सात इंचांची पत्रिका नीट छापायला साधारण 1500 बाय 2100 पिक्सेलचे चित्र लागते. साधनाकडून अनेकदा 1024 बाय 1536 चे मिळते. ते मोठे करून घ्यावे लागते, आणि प्रमाण वेगळे असल्याने वरखालून थोडे कापलेही जाते, म्हणून झेंडूची माळ आणि पावले कडेला चिकटू देऊ नयेत. पडद्यावरचा झगझगीत केशरी कागदावर मंद उतरतो, तेव्हा सगळ्या प्रती छापण्याआधी प्रेसकडून एक नमुना काढून घ्यावा.

पहिल्या वाढदिवसाच्या निमंत्रणाला मजकूर कमी, तिथे अंतरपाटाचे काम चुन्याने रंगवलेली पांढरी भिंत करते. चित्राच्या खालच्या तिसऱ्या भागात पाटावर बसलेले बाळ आणि औक्षणाचे तबक घेतलेली आजी, वरचे दोन भाग नुसती भिंत. भिंतीवर खिडकी, कोनाडा किंवा तसबीर नको हे सांगण्याऐवजी ‘एकसारखी पांढरी, सपाट भिंत’ असे लिहिलेले बरे, कारण नको म्हणून घेतलेले नावही कधीकधी चित्रात उतरते.