लसीचा ताप आणि दुसराच ताप

नागिणीची लस घेऊन आलेला माणूस संध्याकाळी अंथरुणात कुडकुडू लागला, की घरात लगेच चर्चा सुरू होते. लस मानवली नाही म्हणावी, की इन्फेक्शन झालं? पन्नाशीच्या पुढच्यांना दिली जाणारी शिंग्रिक्स ही लस ताप आणण्यात इतर अनेक लसींपेक्षा पुढे आहे. चाचण्यांमध्ये साधारण पाचांतल्या एकाला ताप आला, अंगदुखी आणि थकवा तर जवळपास निम्म्यांना. सत्तरी ओलांडलेल्यांपेक्षा पन्नाशी-साठीतल्यांना ताप जास्त येतो, कारण त्यांची प्रतिकारशक्ती अधिक जोमाने उठते.

या लसीत जिवंत विषाणू नसतोच. असतो तो त्याचा एक प्रथिन-तुकडा आणि प्रतिकारशक्तीला जागं करणारं मिश्रण. त्यातला एक घटक चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढतात. दंडात लस गेली की तिथल्या पेशी इंटरल्यूकिनसारखे संदेश सोडतात, ते मेंदूतल्या तापमानकेंद्रापर्यंत पोचतात आणि शरीर आपली पातळी चढवतं. पुढे वाढत जाणारा जंतूच नसल्यामुळे हा ताप लवकर ओसरतो. त्याला घड्याळ असतं, ते असं.

समजा, ठाण्यातल्या ५६ वर्षांच्या बाईंनी शनिवारी सकाळी अकराला लस घेतली. दुपारी दंड ठणकू लागला, रात्री नऊला हुडहुडी भरली, थर्मामीटरवर १०१. त्यांनी ६५० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल घेतली. रविवारी सकाळी १००.४, अंग मोडलेलं, जेवण नको. रात्रीपर्यंत ताप उतरला आणि सोमवारी दंड तेवढा दुखत होता. हा नमुनेदार लसीचा ताप. लस घेतल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सुरू होतो, बहुधा १०० ते १०२ च्या दरम्यान राहतो आणि एक-दोन दिवसांत, फार तर तिसऱ्या दिवशी जातो. या लसीने १०२ च्या वर ताप शंभरात एकालाही गेला नव्हता. काखेत मोजलेला आकडा तोंडातल्यापेक्षा साधारण एक अंशाने कमी येतो, हे मोजताना ध्यानात ठेवावं. गोळी मात्र ताप आल्यावर, सहा-सहा तासांनी घ्यावी; लस घेण्याआधीच खाऊन ठेवू नये. यकृताचा आजार असल्यास डॉक्टरांना विचारूनच.

आता याच बाईंची दुसरी कहाणी. सोमवारी बरं वाटलं, पण गुरुवारी अचानक १०३ ताप, डोळ्यांमागे ठणका, मळमळ. ‘लसीचाच ताप उलटला’ असं घरच्यांनी म्हटलं, तर घोटाळा इथेच होतो. अशा लसीचा ताप उतरून दोन-तीन दिवसांनी पुन्हा उसळत नाही. पावसाळ्यात अशा वेळी डेंग्यूचा संशय आधी घ्यायला हवा. डास चावल्यापासून ताप यायला सहसा चार ते दहा दिवस लागतात, म्हणजे डास लसीच्या आगेमागे कधीही चावलेला असू शकतो. एनएस१ ही रक्तचाचणी पहिल्या काही दिवसांतच जास्त उपयोगी पडते, त्यामुळे थांबण्यात तोटा आहे. डेंग्यूच्या शक्यतेत आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढतो. मलेरिया आणि लेप्टोची चाचणीही डॉक्टर बहुधा सोबतच सांगतात.

तापाबरोबर काय आलं, हेही तितकंच बोलकं असतं. खोकला, वाहतं नाक, घसा दुखणं, लघवीला जळजळ ही लसीची लक्षणं नव्हेत. तिथे दुसरा संसर्ग शोधावा लागतो. दंडावर थोडी लाली, सूज पहिल्या दिवसापासून दिसते आणि कमी होत जाते. दोन-तीन दिवसांनंतर ती वाढत, गरम होत पसरू लागली किंवा पू दिसला, तर तो त्वचेचा संसर्ग. मान आखडणं, गोंधळल्यासारखं बोलणं, धाप लागणं, अंगावर लालसर-जांभळे ठिपके यांतलं काहीही दिसलं तर लसीचा हिशेब न करता सरळ रुग्णालय गाठावं. ज्यांची केमोथेरपी चालू आहे किंवा जे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतात, त्यांनी ताप येताच डॉक्टरांना फोन करावा, दोन दिवस वाट पाहू नये.

जिवंत लसींचं घड्याळ वेगळं चालतं. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा ताप पाचव्या ते बाराव्या दिवसांत येऊ शकतो, आफ्रिकेला जाणारे घेतात त्या पीतज्वराच्या लसीचाही काही दिवसांनी. म्हणून डॉक्टरकडे जाताना लसीचं नाव आणि टोचल्याची तारीख असलेला कागद, आणि ताप कधी किती होता याची चिठ्ठी न्यावी. आणि ताप आला म्हणून शिंग्रिक्सचा दोन ते सहा महिन्यांनी घ्यायचा दुसरा डोस टाळू नये. एकाच डोसने संरक्षण अपुरं राहतं.