बैठकीच्या हाडाजवळचे दुखणे आणि शंभर मीटरची धाव

भरतीची जाहिरात येण्याची चाहूल लागली की तळेगावच्या (श्यामजी पंत) रस्त्याकडेला पहाटे धावणारी मुले-मुली वाढतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात आणि त्यांपैकी १५ गुण शंभर मीटरच्या धावेचे. तेवढ्यासाठी मुले महिनोन्‌महिने जिवाचे रान करतात. यातल्या काहींना एक विचित्र दुखणे जडते. कुल्ल्याच्या खालच्या टोकाला, बसल्यावर जे हाड जमिनीला टेकते नेमके तिथे, खोलवर ठणकते. बोटाने दाबून जागा दाखवता येते. पण सूज नाही, काळेनिळे नाही. त्यामुळे घरात कोणाला ते खरे वाटत नाही. "नस चढली असेल, तेल लावून घे" असे म्हणून विषय संपतो.

हे दुखणे नेमके काय आहे आणि ते कसे हाताळायचे, एवढेच या वेळी सांगायचे आहे. त्यासाठी एक मुलगा डोळ्यांसमोर ठेवू. तो कोणी एक नव्हे, पण अनेकांच्या बाबतीत जे घडते ते त्याच्याही बाबतीत घडले असे समजू. वय २२. आठवड्यातून दोन दिवस वेगात धावायचा. जाहिरातीची कुजबुज सुरू झाली तसे त्याने दोनाचे पाच दिवस केले आणि वर चढावरच्या धावाही घेतल्या. उरलेला दिवस अभ्यासिकेतल्या लाकडी बाकावर सहा-सहा तास. तीन आठवड्यांत उजव्या बाजूला ठणका सुरू झाला. पहिल्या दोन धावांत दुखे, अंग तापले की कमी होई, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाकावर टेकले की दुप्पट होऊन परत येई.

मांडीच्या मागच्या बाजूला जे स्नायू असतात, ज्यांना मैदानावर सगळे हॅमस्ट्रिंग म्हणतात, ते वर बैठकीच्या हाडाला एका जाड दोराने बांधलेले असतात. या दोराला कंडरा म्हणतात. वेगात धावताना पाय पुढे फेकला जातो आणि जमिनीला टेकण्याच्या आधीच्या क्षणी तो आवरण्याचे काम याच स्नायूंचे. त्या वेळी कंडरा जोरात ताणली जाते. पण कंबर वाकलेली, मांडी पुढे आलेली असली की ती ताणाबरोबरच हाडाच्या कडेवर दाबलीही जाते. विहिरीच्या दोराचे पाहा. नुसते वजन उचलल्याने तो जितका झिजतो त्यापेक्षा काठाच्या दगडावर घासल्याने जास्त झिजतो. चढ चढताना, खाली वाकून धावेची सुरुवात घेताना, सोयाबीन कापायला ओणवे झाल्यावर आणि कडक जागी बराच वेळ बसल्यावर हीच कडेवरची दाबणी वाढते. काम अचानक वाढले की कंडरेची रचना बिघडू लागते. तो फाटलेला स्नायू नव्हे आणि सुजेचा रोगही नव्हे. फिनलंडच्या पुरानेन आणि ओरावा या शल्यचिकित्सकांनी १९८८ मध्ये खेळाडूंच्या बैठकीच्या हाडाजवळील दुखण्यावर लिहिले, तेव्हापासून डॉक्टरांचे याकडे अधिक लक्ष गेले.

आमच्या मुलाने पुढे जे केले ते बहुतेक सगळेच करतात. आधी तीन आठवडे पूर्ण विश्रांती घेतली. दुखणे गेले. खूश होऊन पहिल्याच दिवशी पूर्ण वेगात शंभर मीटर धावला आणि दुखणे जसेच्या तसे परत आले. विश्रांतीत दुखणे थांबते, पण कंडरा त्याच काळात आणखी अशक्त होते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मग मित्रांनी सांगितले की मागची नस आखडली आहे, ताण दे. तो रोज पाय कठड्यावर ठेवून कपाळ गुडघ्याला लावू लागला. ताण घेताना क्षणभर बरे वाटायचे, पण प्रत्येक वेळी कंडरा हाडाच्या कडेवर दाबली जात होती. आम्हाला विचाराल तर या दुखण्यात सर्वांत जास्त नुकसान याच व्यायामाने होते, आणि तो करणारा माणूस मनापासून मेहनत घेत असतो.

त्यामुळे सुरुवात दोन गोष्टींनी करायची. वाकून दिलेले ताण बंद. आणि बसणे बदलायचे. घडी केलेली चादर मांड्यांखाली, गुडघ्यांकडे सरकवून ठेवायची, म्हणजे वजन मांड्यांवर जाते आणि हाड जरा अधांतरी राहते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी उठायचे. विहाराच्या फरशीवर बसायचे असेल तर आसनाची घडी जाड करा, नाहीतर काही दिवस खुर्ची घ्या. त्यात संकोचण्यासारखे काही नाही.

आता भाराची गोष्ट. कंडरा बळकट होते ती भारानेच, फक्त तो पायरीपायरीने आणि सोसेल एवढा हवा. सोसतो आहे की नाही हे ओळखायला एक मोजपट्टी आहे. शून्य म्हणजे दुखणे नाही, दहा म्हणजे असह्य. व्यायाम करताना तीनपर्यंत दुखले तर चालेल. पण चोवीस तासांत ते पूर्वीच्या पातळीवर आले पाहिजे. त्यासाठी रोज सकाळी एकच परीक्षा घ्यायची. उताणे झोपून टाच लांब टेकवायची, गुडघा थोडासाच वाकलेला, आणि दुखऱ्या पायावर कंबर उचलून दहा सेकंद धरायची. आकडा वहीत लिहायचा. काल दोन होता आणि आज पाच झाला तर कालचा भार जास्त झाला. व्यायाम करतानाचे दुखणे फसवते, कारण अंग तापले की ते दबते. सकाळचा आकडा मात्र खरे सांगतो.

पहिल्या पायरीत हालचाल नसते, नुसते धरून ठेवायचे असते. उताणे झोपून दोन्ही टाचांवर कंबर उचलायची, ४५ सेकंद धरायची, मिनिट-दोन मिनिटे थांबायचे. असे पाच वेळा, दिवसातून दोनदा. सोपे जाऊ लागले की एका पायावर. यात मांडी पोटाकडे येत नाही, म्हणून कडेवरची दाबणी जवळजवळ नसते. आमच्या मुलाचा सकाळचा आकडा पाचावर होता, तो दोन आठवड्यांत तीनवर आला.

दुसऱ्या पायरीत तीच स्थिती, पण सावकाश हालचाल. एका पायावर कंबर तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली. पालथे झोपून घोट्याला सायकलची जुनी ट्यूब अडकवायची, तिचे दुसरे टोक पायांच्या दिशेने खांबाला बांधायचे आणि टाच कुल्ल्याकडे ओढायची. जेमतेम पंधरा वेळा जमेल इतका भार घेऊन सुरुवात करायची आणि काही आठवड्यांत जेमतेम आठ वेळा जमेल इतक्या भारापर्यंत जायचे. प्रत्येकी तीन फेऱ्या, एक दिवसाआड. मधला दिवस सोडायचा नाही, तो कंडरेला सावरायला लागतो. व्यायामशाळा नसली तरी अडत नाही. दप्तरात पाच-दहा किलो धान्य भरून पोटावर धरले की भार वाढतो.

तिसरी पायरी धावणाऱ्यासाठी सर्वांत नाजूक, कारण इथे आपण जाणूनबुजून कंबर वाकवू लागतो. जिन्याच्या पायरीवर चढणे, पाय पुढे टाकून खाली बसणे, दप्तर हातात धरून पाठ सरळ ठेवून पुढे झुकणे. आधी थोडेसेच झुकायचे, सकाळचा आकडा शांत राहिला तर पुढच्या आठवड्यात आणखी. आमच्या मुलाची गाडी इथेच घसरली. नवव्या आठवड्यात एकदम वीस किलो घेऊन तो पूर्ण झुकला आणि आकडा दोनवरून सहावर गेला. त्याने पुन्हा महिनाभर झोपून राहायची चूक केली नाही. चार दिवस पहिल्या पायरीवर गेला, मग कमी भार आणि कमी झुकणे घेऊन परत आला. एवढाच उतारा असतो अशा वेळी.

चौथ्या पायरीत वेग येतो. आधी जागच्या जागी गुडघे वर उचलणे, उड्या. मग साठ मीटरच्या सहा धावा, साठ टक्के वेगाने, दर तिसऱ्या दिवशी. पुढे वेग थोडा थोडा वाढवायचा, आणि वेग व धावांची संख्या एकाच आठवड्यात वाढवायची नाही. चढावरची धाव आणि वाकून घेतलेली सुरुवात अगदी शेवटी. सावकाश धावणे मात्र तीनच्या आत दुखत असेल तर मधल्या काळातही चालू ठेवता येते, म्हणजे १६०० मीटरचा दम टिकतो.

या सगळ्याला तीन ते सहा महिने लागतात. चाचणी महिन्यावर आली असेल तर खरे सांगावे लागते की कंडरा तोवर पूर्ण सावरणार नाही. तेव्हा वेगाच्या धावा आठवड्यातून एक-दोनवर आणून, पहिली-दुसरी पायरी चालू ठेवून, हातात आहे त्या पायावर चाचणी द्यायची की ही भरती सोडायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे. मागासवर्गीय उमेदवारांना या भरतीसाठी ३३ वर्षांपर्यंत मुभा आहे, हेही त्या वेळी लक्षात असू द्यावे. वेदनाशामक गोळी खाऊन किंवा त्या जागी स्टेरॉइडचे इंजेक्शन घेऊन पूर्ण वेगात धावणे आम्हाला धोक्याचे वाटते. दुखणे दबते, कंडरेची ताकद वाढत नाही, आणि इंजेक्शनाने ती काही काळ कमकुवतही होऊ शकते.

बैठकीच्या हाडाजवळचे प्रत्येक दुखणे मात्र हेच असते असे नाही. धावताना एकदम काहीतरी तुटल्यासारखे झाले आणि मांडीमागे काळेनिळे पडले तर स्नायू किंवा कंडरा फाटली असू शकते. चौदा ते अठरा वयाच्या मुलांत तर हाडाचा तुकडाच निघू शकतो, त्यासाठी एक्स-रे लागतो. दुखणे गुडघ्याच्या खाली उतरून मुंग्या येत असतील तर कंबरेतली नस तपासावी. सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेपण, रात्री दुखण्याने जाग, कधी डावा तर कधी उजवा कुल्ला दुखणे, आणि हालचालीने बरे वाटणे, ही तरुण वयात मणक्याच्या संधिवाताची लक्षणे असू शकतात. आणि बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही तर एक दिवसही थांबू नये. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील रुग्णालय आपल्याच जिल्ह्यात आहेत. तिथे जाताना सकाळच्या आकड्यांची वही सोबत न्यावी. पाच मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना जे सांगता येत नाही, ते त्या वहीत लिहिलेले असते.