आषाढातली खतबादली

पहिल्या वर्षी माझी समजूत होती की खतबादली पावसापासून झाकली की झालं. गॅलरीच्या आतल्या कोपऱ्यात वीस लिटरची बादली, वर घट्ट झाकण. पावसाचा थेंबही आत गेला नव्हता, तरी जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तळाच्या भोकांतून काळं पाणी गळू लागलं आणि कुजक्या अंड्यासारखी घाण सुटली.

ते पाणी दुधी-काकडीचं होतं. भाजीच्या सालीदेठांत बहुतांश पाणीच असतं. उन्हाळ्यात ते वाफ होऊन उडून जातं; आषाढात हवाच ओलीचिंब, मग ते खाली उतरतं. ढिगातल्या फटी पाण्याने भरल्या की हवा खेळत नाही आणि हवेशिवाय जगणारे जिवाणू बळावतात. घाण त्यांची.

बादली जुन्या प्लॅस्टिकवर पालथी केली. तळाशी चार बोटं विटांचे तुकडे घातले. उरलेल्या लगद्यात अर्धी बादली फाडलेले पुठ्ठे आणि लाकडाचा भुसा मिसळून सगळं परत भरलं, दोन विटांवर ठेवलं आणि खाली ताट सरकवलं. दोन दिवस नवा कचरा घातला नाही. चार दिवसांत वास ओसरला आणि वर पांढरी बुरशी धरली. ती पाहून घाबरायचं कारण नाही. पुठ्ठा-पाचोळा कुजवायचं काम तीच करते.

तेव्हापासून पावसाळ्यात एक वाटी कचऱ्यामागे दोन वाट्या सुकं घालते. अंदाज मुठीने घ्यायचा. दाबल्यावर बोटांतून एखाददुसरा थेंब डोकावला तर ठीक. धार लागली तर आणखी सुकं हवं. सुका पाचोळा जुलैत कुठून आणणार? फाल्गुन-चैत्राच्या पानगळीतच दोन पोती भरून ठेवावी लागतात. भुसा साध्या लाकडाचाच घ्यावा, प्लायवूडच्या भुशात गोंद असतो.

पुठ्ठा मात्र घरातच, सुक्या कचऱ्यात मिळतो. तो कोरडा राहिला तर. तिथे घोळ घालते दुधाची पिशवी. आत थेंबभर दूध राहिलं तरी बंद पोत्यात ते आंबतं, दमट पुठ्ठ्यावर काळी बुरशी चढते आणि रद्दीवाला तोंड फिरवतो. म्हणून पिशवी विसळून, उलटी करून, चिमटा लावून टांगते आणि पूर्ण सुकल्यावरच पोत्यात टाकते. पोतंही फरशीवर न ठेवता खुंटीला. चकचकीत, प्लॅस्टिकचा थर असलेला पुठ्ठा खतात कुजत नाही; तो रद्दीतच द्यायचा.

ताटात जमलेल्या पाण्याला मातीचा वास असेल तर दहापट पाणी घालून ते जास्वंदीच्या मुळाशी ओतते. घाण येत असेल तर ते सरळ संडासात जातं, आणि त्या दिवशी बादलीत पुठ्ठा दुप्पट.