एका दुकानात दोन बाजार
गल्ल्यामागचं गणित : भाग 6

मागच्या भागात मायकेल पोर्टर यांच्या पाच जोरांची ओळख झाली. आपसातली स्पर्धा, नव्यांचा शिरकाव, पर्याय, ग्राहकांचा जोर आणि पुरवठादारांचा जोर. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये 1979 साली आलेला तो लेख आता व्यवस्थापनाच्या प्रत्येक वर्गात पाच चौकोनांची आकृती होऊन लटकलेला असतो. विद्यार्थी चौकोनांत ‘जास्त’, ‘मध्यम’, ‘कमी’ लिहितात आणि गुण मिळवतात. औषधाच्या दुकानाचा असा तक्ता मी कितीदा तरी पाहिला आहे. स्पर्धा : जास्त. पुरवठादार : पुष्कळ, म्हणून जोर कमी. पर्याय : ऑनलाइन, म्हणून धोका जास्त. उपाय : घरपोच सेवा आणि सवलत. असा तक्ता मिरजेतल्या दुकानाला चालतो आणि इंदूरच्याही, म्हणून मला तो संशयास्पद वाटतो.

या वेळी आपण नेपियर टाउनमधलं एक मेडिकल स्टोअर धरू. दुकान कल्पित आहे, आकडेही हिशेबाच्या सोयीचे आहेत, पण परिसर खरा आहे. जबलपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. नेपियर टाउन आणि शेजारचं राइट टाउन म्हणजे शहरातल्या डॉक्टरांची वस्ती. सकाळ-संध्याकाळ दवाखान्यांबाहेर गाड्यांची रांग लागते, आणि त्यात मंडला, डिंडोरी, नरसिंहपूर, सिवनीकडून आलेले रुग्ण बरेच असतात. त्याच गल्ल्यांमधून दोन-तीन पिढ्यांची जुनी घरंही आहेत. त्यांत मराठी कुटुंबं आहेत आणि निवृत्त माणसं पुष्कळ.

पोर्टर यांचा आग्रह असा, की जोर मोजण्याआधी धंद्याची हद्द आखा : काय विकलं जातं आणि कुठवर. आकृती उतरवून घेणाऱ्यांकडून नेमकी हीच पायरी सुटते. आपल्या दुकानदारानं ती पाळली तर त्याच्या लक्षात येईल, की त्याचं काउंटर एक असलं तरी बाजार दोन आहेत. डिंडोरीहून आलेला माणूस डॉक्टरांचा पर्चा घेऊन पायऱ्या उतरतो. त्याला सगळी औषधं आत्ता हवीत, कारण परतीची बस गाठायची आहे. पुढच्या गल्लीतल्या काकू मात्र रक्तदाब आणि साखरेच्या त्याच गोळ्या दर महिन्याला नेतात, आणि त्यांना आज काय नि परवा काय, सारखंच. पहिल्या बाजाराची हद्द दवाखान्यापासून शंभर-दोनशे पावलं, दुसऱ्याची सबंध देश. साबण, डायपर, प्रोटीनचे डबे हा तिसरा कप्पा इथे सोडून देऊ.

आता ऑनलाइनचं पाहा. तक्त्यात ते ‘पर्याय’ या चौकोनात जातं आणि मला ते पटत नाही. पर्याय म्हणजे तीच गरज वेगळ्या मार्गानं भागवणं. अ‍ॅपवरून येते ती तीच पट्टी, त्याच कंपनीची. म्हणजे ती सरळ स्पर्धा झाली, फक्त स्पर्धकाचं गोदाम दुसऱ्या गावी आहे. काकूंच्या बाजारात हा स्पर्धक शेजारच्या दुकानापेक्षा जबरदस्त, कारण त्यांना चार दिवस थांबता येतं. बसच्या वेळेच्या बाजारात तो जवळपास नाहीच. खरे पर्याय भलतीकडेच असतात : व्हिक्टोरियासारख्या सरकारी रुग्णालयात मोफत मिळणारी औषधं, डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून काढून दिलेली सॅम्पलं, होमिओपॅथीच्या पुड्या, आणि ‘दोन दिवस बघू’ म्हणून औषधच न घेणं. जनऔषधी केंद्रही मी स्पर्धेत धरतो. औषध तेच असतं, नाव आणि किंमत निराळी.

हा वाद वर्गीकरणापुरता नाही, कारण उपाय त्यावर ठरतो. एक हिशेब करू. सरकारच्या किंमत-नियंत्रण यादीतल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचं मार्जिन 16 टक्के, यादीबाहेरच्यांवर रूढीनं 20. कर बाजूला ठेवून सरासरी 18 धरू. काकूंचं महिन्याचं बिल 2000 रुपये, म्हणजे दुकानाला 360 सुटतात. अ‍ॅपच्या भीतीनं 10 टक्के सवलत दिली की उरतात 160. स्पर्धा वाढून ती 15 टक्के झाली तर उरतात 60, आणि त्यातून पोचवणाऱ्या मुलाचं पेट्रोल. याउलट संध्याकाळचे पाच पर्चे, प्रत्येकी 400 रुपयांचे, सवलत कुणी मागितली नाही : विक्री तेवढीच, हातात 360. ‘सर्व औषधांवर 10 टक्के सूट’ अशी पाटी लावणारा दुकानदार दुसऱ्या बाजारातली लढाई पहिल्या बाजाराच्या पैशानं लढतो. बसवाल्यानं न मागितलेली सूट त्याला मिळते, आणि काकू तरीही अ‍ॅपवर भाव बघतातच.

ग्राहकांचा जोर या चौकोनात आणखी मोठी गफलत होते. पैसे रुग्ण देतो, म्हणून तक्त्यात ग्राहक म्हणजे रुग्ण. एकेकटा, विखुरलेला, म्हणून जोर कमी. पण निवड त्याची नसतेच, ती डॉक्टरांची. स्वतः न घेता खरेदी ठरवणाऱ्या माणसाचा जोर याच चौकोनात मोजायला हवा. नेपियर टाउनसारख्या वस्तीत तो सगळ्यात मोठा जोर आहे, आणि तो मोजायची साधी युक्ती आहे. डॉक्टर उन्हाळ्यात आठ दिवस बाहेरगावी जातात, त्या आठवड्याचा गल्ला आधीच्या आठवड्याशी ताडून पाहा. एका डॉक्टरांच्या सुटीनं गल्ला एक-तृतीयांश पडत असेल, तर दुकान कितीही जुनं असलं तरी ते त्या दवाखान्याच्या सावलीतलं रोप आहे. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये डॉक्टरांचं नाव भरायची जागा असते. बहुतेक काउंटरवर घाईत तिथे काहीबाही भरलं जातं. महिनाभर ते नीट भरलं तर सुटीची वाटही पाहावी लागत नाही.

पुरवठादारांचा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. शहरात स्टॉकिस्ट पुष्कळ, हे खरं. पण अनुसूची एच किंवा एक्समधलं औषध पर्च्यावर असेल तर त्याऐवजी दुसरं काहीही, अगदी त्याच घटकाचंही, देऊ नये, असं औषध नियमांतला 65वा नियम सांगतो. म्हणजे डॉक्टरांनी ब्रँड लिहिला की दुकानदारापुढे पुरवठादार पुष्कळ उरत नाहीत. उरतो त्या ब्रँडचा स्टॉकिस्ट, आणि तो शहरात एखाददुसराच असतो. भरीला काही कंपन्या अशा, की त्यांचा माल मोजक्या डॉक्टरांसाठीच चालतो आणि त्या दवाखान्याखालच्या दुकानाखेरीज कुठे मिळत नाही. पर्च्यावरच्या पाच औषधांत असं एक असलं, की उरलेली चारही तिकडेच जातात.

इथे सरकारला सहावा चौकोन द्यायचा मोह होतो. गरज नाही. कायदा कुठल्या जोराला बळ देतो ते त्या-त्या जागी पाहावं. हा नियम पुरवठादाराला बळ देतो, किंमत-नियंत्रण त्याचा हात थोडा बांधतं. व्यापारी संघटनांचंही तसंच. नवा स्टॉकिस्ट नेमण्याआधी आमचं ना-हरकत पत्र घ्या, असा दंडक घातल्याबद्दल मध्य प्रदेशातल्या औषधविक्रेत्यांच्या संघटनेला भारतीय स्पर्धा आयोगानं 2019 मध्ये दंड केला. स्टॉकिस्ट ‘पुष्कळ’ का होत नाहीत, याचं एक कारण त्यातून दिसतं. दुकानदाराला हा जोर तीन ठिकाणी जाणवतो : उधारी किती दिवसांची, मुदत संपलेला माल परत घेतात की नाही, आणि ‘दहावर एक’सारखी स्कीम छोट्या ऑर्डरला मिळते की नाही. या तिन्ही गोष्टी स्टॉकिस्टवार एका पानावर मांडल्या तर कुणापुढे आपलं चालतं आणि कुणापुढे नाही, ते कळतं.

शिरकावाबद्दल थोडक्यात. परवाना, नोंदणीकृत फार्मासिस्ट, किमान 10 चौरस मीटर जागा आणि फ्रीज एवढं जमवणं अवघड नाही, म्हणून कागदावर अडसर कमी. पण रिकाम्या गाळ्यात उघडणाऱ्या नव्या दुकानाला मी तेवढा भीत नाही. पर्चे त्याच्याकडे आपोआप वळत नाहीत. भीती आहे ती दवाखान्याच्या आतच निघणाऱ्या काउंटरची. चार डॉक्टर मिळून इमारत बांधतात आणि तळमजल्यावर फार्मसी ठेवतात, तेव्हा शंभर पावलांच्या हद्दीतली शंभरही पावलं संपतात. समोरच्या प्लॉटवर काय बांधकाम चालू आहे, ही चौकशी या दुकानासाठी अ‍ॅपच्या सवलतीपेक्षा महत्त्वाची.

मग करायचं काय? आधी एक वही, धंद्यात ज्याला बाउन्स म्हणतात त्याची. ‘हे नाही’ म्हणून परत गेलेला प्रत्येक पर्चा त्यात उतरवायचा : औषध, डॉक्टर, वेळ. चार आठवड्यांत दिसतं, की नुकसान कुठल्या डॉक्टरांच्या कुठल्या औषधांपायी होतं. त्यातली काही मागवता येतात. काही मागवूनही मिळत नाहीत, आणि ती यादी म्हणजे पुरवठादारांच्या जोराचा लेखी पुरावा. वेळेच्या रकान्यातून शेवटची ओपीडी सुटण्याआधी फार्मासिस्ट घरी जातो का, हेही उघड होतं. मोकळा पैसा बसवाल्याच्या बाजारात, म्हणजे साठ्यात आणि वेळेत घालावा. काकूंच्या बाजारात सरसकट सवलत न देता, ज्यांना अ‍ॅप जमत नाही किंवा नको आहे अशा चालत येणाऱ्या घरांपुरता महिन्याचा डबा आधी बांधून ठेवावा. बाकीचे गेले तर जाऊ द्यावेत. हे सांगताना दुकानदारांचे चेहरे पडतात, कारण विक्रीचा आकडा खाली येतो. पण 2000च्या बिलावर 60 रुपये सुटत असतील, तर तो आकडा मिरवण्यात अर्थ नाही.

या रीतीची मर्यादाही आहे. पाच जोर सांगतात, की या जागी नफा का टिकतो किंवा का गळतो. मालकाचा मुलगा दुकानात बसणार का, गाळ्याचा भाडेकरार कधी संपतो, हे त्यात येत नाही, आणि कित्येक दुकानांचा निकाल त्यावरच लागतो. शिवाय हे चित्र नेपियर टाउनचंच. मेडिकल कॉलेजच्या फाटकासमोरचं दुकान घेतलं तर डॉक्टर बदलीचे, रुग्ण गरीब, आणि आतल्या मोफत औषधांमुळे पर्यायाचा चौकोन, जो इथे जवळपास रिकामा राहिला, तोच सगळ्यात आधी भरावा लागेल.

पुढच्या भागात कोचिंग क्लास. तिथे फी भरणारा, शिकणारा आणि क्लास निवडणारा, अशी तीन वेगळी माणसं असतात.