कढईतली पेशी

२८ फेब्रुवारी जवळ आला की शाळेतले बाक भिंतीला लागतात, त्यांच्यावर घरून आणलेल्या चादरी पसरल्या जातात आणि विज्ञान प्रदर्शन उभं राहतं. १९२८ साली याच दिवशी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांचा प्रकाशाच्या विकिरणाविषयीचा शोध पुढे आला. त्याची आठवण म्हणून १९८७ पासून हा दिवस राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळला जातो. प्रदर्शनात ज्वालामुखी असतो, ठिबक सिंचन असतं, आणि पेशीचं मॉडेल तर हमखास असतं. आठवीच्या पुस्तकात पेशी आणि तिची अंगकं शिकवून झालेली असतात आणि सामान घरातच मिळतं.

बहुतेक मॉडेलं एकसारखीच दिसतात. थर्माकोलचा अर्धा गोळा, मध्ये लाल चेंडू, भोवती चार-पाच रंगीत मातीचे तुकडे आणि प्रत्येकावर टूथपिकला चिकटवलेली चिठ्ठी. मागे उभा असलेला मुलगा एका दमात म्हणतो, 'हे केंद्रक, ही तंतुकणिका, ही लयकारिका, धन्यवाद.' चूक एकही नसते. पण ऐकणाऱ्याला चिठ्ठ्या वाचून जेवढं कळलं असतं, त्याहून जास्त काही हाती लागत नाही.

यापेक्षा वेगळं भाषण कसं होऊ शकतं, ते एका मॉडेलच्या आधारे पाहू. समजा, टेबलामागे आठवीतली मुलगी उभी आहे आणि तिच्यापुढे २० सेंटिमीटर तोंडाची एक खोलगट कढई आहे. तिचं पहिलं वाक्य असं आहे: 'सर, ही यकृताची अर्धी पेशी आहे आणि खऱ्या पेशीच्या दहा हजार पट मोठी आहे.'

सगळं भाषण या 'दहा हजार पट'वर उभं राहतं. यकृताची पेशी साधारण २० मायक्रोमीटर रुंद असते. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातला एक म्हणजे मायक्रोमीटर. म्हणजे अशा ५० पेशी ओळीत ठेवल्या की पट्टीवरचा एक मिलिमीटर भरतो. दहा हजारांनी गुणलं की २० मायक्रोमीटरचे २० सेंटिमीटर होतात, म्हणून ही कढई. याच हिशोबाने ही मुलगी स्वतः मोठी झाली असती तर तिची उंची पंधरा किलोमीटर भरली असती, एव्हरेस्टच्या दीडपटीहून जास्त. ऐकणारा इथे थांबतो, कारण आता पुढची प्रत्येक वस्तू त्याला याच मापाने तोलून बघता येते.

कढईला आतून प्लॅस्टिकचं अस्तर आहे. हे प्रद्रव्यपटल, पेशीचं बाहेरचं आवरण. खरं पटल सात-आठ नॅनोमीटर जाड असतं. दहा हजार पट केलं तर ते होतं एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या सात-आठ पट, म्हणजे दुधाच्या पिशवीपेक्षा थोडंसंच जाड. थर्माकोलच्या मॉडेलमध्ये हेच आवरण दोन बोटं जाड असतं आणि मुलांच्या मनात भिंतीसारखं काहीतरी ठसतं. प्रत्यक्षात प्राण्याच्या पेशीला भिंत नसतेच. एवढ्या पातळ पडद्याआड पेशीचा सगळा कारभार चालतो. इथे मुलीने लगेच सांगायला हवं की दुधाची पिशवी जाडीपुरती बरोबर आहे, वागण्यात नाही. पिशवीतून पाणी जात नाही, पटलातून जातं. भिजत घातलेली मनुका फुगते ती अशीच, आवरणातून पाणी आत शिरल्यामुळे. म्हणून पिशवीशेजारी वाटीत चार फुगलेल्या मनुका ठेवल्या की दोन्ही गोष्टी एकदम दिसतात.

मध्यभागी अर्धं कापलेलं छोटं संत्रं, सहा सेंटिमीटरचं. केंद्रकाचा व्यास सहा ते आठ मायक्रोमीटर असतो, तेव्हा माप जुळलं. पण लिंबू किंवा चेंडू सोडून संत्रंच घेण्याचं खरं कारण त्याच्या सालीत आहे. साल डोळ्यांजवळ धरली की तिच्यावर बारीक खळगे दिसतात, साधारण मिलिमीटरभर रुंद. केंद्रकाच्या आवरणावर अशीच छिद्रं असतात, संख्येने हजारो, आणि प्रत्येक छिद्राची चौकट सुमारे १०० नॅनोमीटरची. दहा हजार पट केली की बरोबर एक मिलिमीटर! सालीवरचे खळगे आरपार नसतात, केंद्रकाची छिद्रं असतात. त्यांतूनच जनुकांच्या नकला बाहेर जातात आणि त्या नकला वाचून प्रथिनं तयार होतात. 'केंद्रक म्हणजे पेशीचा मेंदू' असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं, ते सोडून द्यावं असं वाटतं. केंद्रक विचार करत नाही. तिथे मजकूर जपून ठेवलेला असतो, आणि कोणत्या मजकुराची नकल केव्हा निघायची हे बऱ्याचदा बाहेरून येणाऱ्या रसायनांवर ठरतं.

तो मजकूर म्हणजे डीएनए. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर सुमारे दोन मीटर भरतो. मॉडेलच्या मापाने तो वीस किलोमीटर होईल, म्हणजे मुंबईत सीएसएमटीपासून जवळपास घाटकोपरपर्यंतचा दोरा, केसाहूनही बारीक आणि ४६ तुकड्यांत. तो सगळा या संत्र्यात मावायला हवा. मुलगी संत्र्याच्या फोडींवर शिवणाचा दोरा गुंडाळून दाखवते आणि सांगते की हा दोरा खऱ्या मापाच्या कितीतरी पट जाड आहे आणि लांबीला अगदीच तोकडा. मॉडेल जिथे खोटं पडतं ती जागा स्वतःहून दाखवणं, हा या भाषणातला सगळ्यात चांगला भाग म्हणायला हवा.

आता राजमा. तंतुकणिका सुमारे एक मायक्रोमीटर रुंद आणि दोन-तीन मायक्रोमीटर लांब असते. दहा हजार पट केली की एक सेंटिमीटर रुंद आणि दोन सेंटिमीटर लांब, म्हणजे भिजलेला राजमा. आकारसुद्धा बराचसा तसाच. खरा प्रश्न आहे किती राजमे घालायचे हा. पुस्तकातल्या चित्रात तीन-चार तंतुकणिका असतात, म्हणून मॉडेलमध्येही तीन-चारच चिकटवल्या जातात. यकृताच्या एका पेशीत त्या हजार ते दोन हजार असतात. अर्ध्या पेशीत कमीत कमी पाचशे हव्यात, म्हणजे साधारण पाव किलो राजमा. एवढा राजमा कढईत पडल्यावर जे दिसतं, ते पुस्तकातल्या चित्रासारखं नसतं. मोकळी जागा फारशी उरत नाही, दाण्याला दाणा लागतो. पेशी आतून खरोखरच अशी गच्च असते. खाल्लेल्या अन्नातून वापरता येण्याजोगी ऊर्जा काढण्याचं काम या कणिका करतात आणि यकृताला अहोरात्र काम असतं, म्हणून तिथे त्या इतक्या. रायबोझोम त्याहून कितीतरी लहान, या मापात पाव मिलिमीटर. खसखस मोठी पडते, बारीक रव्याचा कण जुळतो. रायबोझोम पेशीत लाखांनी असतात, म्हणून मुलीने मूठभर रवा वरून भुरभुरवला आहे.

हे सगळं जागेवर धरून ठेवतं ते चायना ग्रास. जिलेटिन वापरलं तर फेब्रुवारीच्या अखेरीस, दुपारच्या उन्हात, ते पाघळतं आणि परीक्षक येईपर्यंत राजमा तळाला बसतो. चायना ग्रास एकदा घट्ट झालं की उन्हाने वितळत नाही. त्यातही दोन गोष्टी बिघडतात. कोरडा राजमा घातला तर तो जेलीतलं पाणी ओढून फुगतो आणि जेलीला भेगा पडतात, म्हणून तो आदल्या रात्री भिजवून घ्यावा. सगळं एकदम ओतलं तर दाणे खाली जातात, म्हणून तीन थरांत ओतावं आणि प्रत्येक थर थोडा धरू लागला की राजमा पेरावा. भिजलेला राजमा आंबतो, तेव्हा मॉडेल आदल्या संध्याकाळीच करायचं आणि प्रदर्शन संपलं की काढून टाकायचं.

अशा भाषणाचा कस लागतो तो प्रश्नोत्तरांत. परीक्षक विचारतात, 'शेजारच्या टेबलावर कांद्याची पेशी आहे, ती हिरवी का दाखवली आहे?' हा प्रश्न फार चांगला आहे, कारण ती चूक जवळपास प्रत्येक प्रदर्शनात भेटते. वनस्पतीची पेशी म्हटली की मुलं तिच्यात हरितलवकं चिकटवतात आणि शेजारी सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी ठेवतात. कांदा जमिनीत, उजेडाविना वाढतो. त्याच्या पापुद्र्यातल्या पेशींत हरितलवकं नसतात. आयोडिनचा थेंब टाकल्यावर शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून विटांसारख्या भिंती दिसतात आणि प्रत्येकीत एक पिवळसर तपकिरी केंद्रक दिसतं, हिरवं काही नाही. हरितलवकं बघायची तर हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीचं पान घ्यावं. शिवाय कांद्याची पेशी पाव-अर्धा मिलिमीटर लांब असते. या मुलीच्या मापाने ती केली तर अडीच ते पाच मीटरची होईल आणि वर्गाच्या दारातून आत येणार नाही.

दुसरा प्रश्न: 'प्रत्येक पेशीत केंद्रक असतंच का?' पुस्तक पाठ केलेलं मूल पटकन हो म्हणतं. पण आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी पक्व होताना केंद्रक बाहेर टाकतात, तंतुकणिकाही उरत नाहीत, आणि तरी त्या सुमारे १२० दिवस काम करतात. मुलीला उत्तर येत असेल तर उत्तमच. नसेल, तर कढईतल्या संत्र्याकडे आणि राजम्याकडे बघून 'हे दोन्ही नसतील तर ती पेशी आपली दुरुस्ती कशी करेल?' एवढं तिला सुचलं तरी पुरे. ती फारशी करू शकत नाही, आणि तिचं आयुष्य मर्यादित असण्यामागे हेही एक कारण आहे.

कढईत जे मुळीच दाखवता आलं नाही, तेही मुलीने शेवटी सांगावं. पेशीतलं काहीही जेलीत रुतल्यासारखं स्थिर नसतं. तंतुकणिका सरकतात, एकमेकींत मिसळतात, तुटून दोन होतात. आणि संत्र्याचा नारिंगी किंवा राजम्याचा लाल रंग आत कुठेच नाही. बहुतेक पेशी जवळजवळ रंगहीन असतात. काचपट्टीवर दिसणारा रंग आपण घातलेला असतो.

येत्या २८ फेब्रुवारीला प्रदर्शन बघायला जाणाऱ्या पालकांना आणि परीक्षकांना एक विनंती. खिशात पंधरा सेंटिमीटरची पट्टी असू द्या. पेशीच्या मॉडेलपुढे उभं राहिलात की नावं विचारू नका, ती चिठ्ठ्यांवर आहेतच. मुलाच्या हातात पट्टी द्या आणि विचारा, 'हे खऱ्या पेशीच्या किती पट आहे, आणि यात कोणती वस्तू या मापात बसत नाही?'