स्लाइडमधलं पाणी

समजा, एका दूध संघाने संकलनाच्या वाहतुकीचा खर्च का वाढला हे शोधायला सल्लागार नेमले. दोन महिन्यांनी संचालक मंडळापुढे सादरीकरण झालं, आणि त्यातली एक स्लाइड अशी होती:

संकलन वाहतूक खर्चाचे सर्वसमावेशक विश्लेषण व प्रमुख निरीक्षणे

- विश्लेषणातून असे निदर्शनास आले आहे की, गेल्या तीन वर्षांत वाहतूक खर्चात लक्षणीय वाढ झाली आहे.
- प्रति लिटर खर्च 1.60 रुपयांवरून 2.10 रुपयांपर्यंत वाढला असून ही वाढ सुमारे 31 टक्के आहे.
- 40 पैकी 12 मार्गांवर वाहने निम्म्याहून कमी भरतात. या मार्गांवर खर्च 3.30 रुपये, तर उर्वरित मार्गांवर 1.80 रुपये आहे.
- डिझेल व मजुरीच्या दरवाढीचाही परिणाम झाला आहे.
- उत्पादकांना देयके उशिरा मिळत असल्याच्या तक्रारी आहेत.
- पुढील वाटचालीच्या दृष्टीने मार्गांची पुनर्रचना करणे अत्यंत महत्त्वाचे ठरेल.

शेजारी ‘वाहतूक खर्चातील वाढ’ असा मथळा दिलेला आलेख, आणि तळाशी रंगीत चौकटीत, ‘वाहतूक खर्च वाढला असून मार्ग पुनर्रचना आवश्यक.’

यातलं एकही वाक्य खोटं नाही. तरीही ही स्लाइड बघून अध्यक्ष हमखास विचारणार, ‘खर्च वाढला हे आम्हाला माहीतच होतं, म्हणून तर तुम्हाला बोलावलं. नवीन काय सांगताय?’ खरं तर नवीन गोष्ट स्लाइडवर आहे. तिसऱ्या मुद्द्यात दडून बसली आहे.

अशी स्लाइड हातात आली की बहुतेक जण शब्द खोडायला लागतात. ‘विश्लेषणातून असे निदर्शनास आले आहे की’ गेलं, ‘पुढील वाटचालीच्या दृष्टीने’ गेलं. ओळी आखूड होतात, पण स्लाइड पूर्वीइतकीच मुकी राहते. कामाचा क्रम उलटा हवा. ही स्लाइड कुठलं एक वाक्य सांगण्यासाठी आहे ते आधी ठरवायचं, आणि मग उरलेल्या प्रत्येक मजकुराला एकच प्रश्न विचारायचा: तू हे वाक्य सिद्ध करतोस का? शब्दांची छाटणी सगळ्यात शेवटी.

निष्कर्ष आधी आणि पुरावा नंतर ही शिस्त सल्लागारांच्या जगात रुजवण्याचं मोठं श्रेय बार्बरा मिंटो यांना जातं. त्या 1963 मध्ये मॅकिन्झीत दाखल झाल्या आणि अहवाल कसे लिहावेत हे तिथल्या लोकांना शिकवू लागल्या. त्यांची ‘पिरॅमिड’ पद्धत आज जवळपास प्रत्येक सल्लागार कंपनीत शिकवली जाते. शिकवली जाते म्हणजे पाळली जातेच असं नाही, हा भाग वेगळा.

आपल्या स्लाइडचं वाक्य शोधू. तीन वर्षांपूर्वी सगळ्या मार्गांवर खर्च सारखाच, म्हणजे लिटरमागे 1.60 रुपये होता असं धरू. आज त्या 12 मार्गांवरून एकूण दुधापैकी 20 टक्के दूध येतं. त्यांचा खर्च लिटरमागे 1.70 रुपयांनी वाढला. त्याचा पाचवा हिस्सा म्हणजे 34 पैसे. बाकीच्या 80 टक्के दुधावर वाढ 20 पैशांची, म्हणजे एकूण सरासरीत 16 पैसे. दोन्ही मिळून 50 पैसे, हिशेब जुळला. तेव्हा शीर्षक असं होतं:

वाहतूक खर्चातल्या 50 पैसे वाढीपैकी 34 पैसे 12 अर्धरिकाम्या मार्गांमुळे

आता बाकीचा मजकूर तपासू. ‘खर्च वाढला’ ही एकच गोष्ट मूळ स्लाइडवर चार ठिकाणी आली होती: पहिल्या मुद्द्यात, दुसऱ्या मुद्द्यात, आलेखाच्या मथळ्यात आणि तळच्या चौकटीत. नव्या शीर्षकात ती आलीच आहे, त्यामुळे चारही ठिकाणांहून काढली. आलेखावर फक्त ‘रुपये प्रति लिटर’ आणि वर्षं राहतील. 31 टक्के हीसुद्धा पुनरुक्तीच, तीच वाढ दुसऱ्या मापात. दुधाच्या धंद्यातली माणसं पैशात हिशेब करतात, म्हणून पैसे ठेवले आणि टक्के काढले. एखाद्या बँकेपुढे हेच मांडायचं असतं तर कदाचित उलट केलं असतं.

उशिरा मिळणाऱ्या देयकांचा मुद्दा खरा आणि गंभीर आहे, पण या वाक्याशी त्याचा संबंध नाही. तो बहुधा कुणीतरी आढावा बैठकीत ‘हेही टाक’ म्हटल्यामुळे आला असावा. त्याला स्वतःची स्लाइड द्यावी. पुनर्रचनेचा मुद्दा पुढच्या स्लाइडवर जाईल, कारण कुठले मार्ग जोडायचे आणि त्यातून किती वाचेल हे सांगितल्याशिवाय ‘महत्त्वाचे ठरेल’ याला काही अर्थ नाही. डिझेल-मजुरी मात्र राहील. उरलेले 16 पैसे कुठून आले, हा प्रश्न सभेत येणारच. त्याचं उत्तर आलेखातल्या त्या पट्टीवरच तीन शब्दांत लिहावं.

‘लक्षणीय’ या शब्दाशी तर माझं विशेष वैर आहे. आकडा असेल तर तो नको, आणि आकडा नसेल तर तो काहीच सांगत नाही. जानेवारी 2003 मध्ये कोलंबिया यान अंतराळात असताना बोइंगच्या अभियंत्यांनी नासापुढे काही स्लाइड मांडल्या. उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा पंखावर आदळला होता, त्याने किती इजा झाली असेल हा प्रश्न होता. त्यांतल्या एका स्लाइडचं एडवर्ड टफ्टी यांनी नंतर केलेलं विश्लेषण चौकशी मंडळाच्या अहवालातही आहे. शीर्षक दिलासा देणारं होतं. ‘लक्षणीय’ या अर्थाचा शब्द पाच वेळा आला होता, दर वेळी वेगळ्या अर्थछटेने. आणि प्रत्यक्षातला तुकडा चाचणीतल्या तुकड्यापेक्षा आकारमानाने 640 पट मोठा होता, ही बाब अगदी तळाशी, तीही फक्त दोन मापं शेजारी ठेवून. भागाकार वाचणाऱ्याने करायचा. कल्पना चावला त्याच यानात होत्या. अपघात स्लाइडमुळे झाला असं कुणी म्हणणार नाही, पण शीर्षक आणि पुरावा वेगवेगळ्या दिशांना गेले की काय होतं ते तिथे दिसतं.

म्हणूनच छाटणीला मर्यादाही आहे. ‘सुमारे’ हा शब्द पाल्हाळ म्हणून सरसकट उडवला जातो, पण आकडा खरोखर अंदाजी असेल तर तो उडवणं म्हणजे खोटं बोलणं. एकक, कालावधी, माहितीचा स्रोत आणि गृहीतक यांना हात लावू नये. ‘तीन वर्षांपूर्वी सगळ्या मार्गांवर खर्च सारखा’ हे आपण धरलेलं आहे. ते तळटीपेत राहिलंच पाहिजे, कारण ते चुकलं तर 34 पैसेही चुकले. दुसरी चूक म्हणजे अति छाटून शीर्षक ‘मार्गनिहाय खर्च’ इतकंच ठेवणं. तो विषय झाला, म्हणणं नव्हे. शीर्षक दोन ओळींत मावावं, पण त्यात क्रियापद किंवा निदान कार्यकारण हवं. आणि शीर्षकात ‘आणि’ आलं की थांबून बघावं, तिथे बहुधा दोन स्लाइड एकमेकींना चिकटलेल्या असतात.

स्लाइड अशा तुंबतात याचं एक कारण साधं आहे. एकाच कागदाकडून दोन कामं करून घेतली जातात. सभेत पडद्यावर तीच, आणि न आलेल्या संचालकांना ईमेलने पाठवायलाही तीच. बोलणारा समोर नसणार या भीतीने त्याची सगळी वाक्यं स्लाइडवर उतरतात. त्यापेक्षा मार्गनिहाय तक्ता, डिझेलचे दर आणि हिशेबाची रीत परिशिष्टात टाकावी. वाचणाऱ्याला हवं ते तिथे सापडतं, आणि सभेत कुणी खोलात विचारलं तर तेच पान उघडता येतं.

सगळं संपल्यावर फक्त शीर्षकं एका कागदावर एकाखाली एक उतरवून काढावीत. खर्चातल्या 50 पैसे वाढीपैकी 34 पैसे 12 मार्गांमुळे. त्या मार्गांवरचं दूध खासगी डेअऱ्यांकडे गेलं. ते 12 मार्ग जोडून 7 केले तर वाहनं भरतील. असं वाचत गेल्यावर गोष्ट सलग लागली तर ठीक. मध्येच ‘सद्यस्थितीचा आढावा’ अशी ओळ आली, तर त्या स्लाइडला अजून तिचं वाक्य सापडलेलं नाही, आणि कदाचित ती स्लाइड नकोच आहे.